चौदा आकडे आणि एकही एकक नाही

समजा, मावसभावाचा मेसेज येतो: "रिपोर्ट आलाय. काळजीचं काही आहे का?" आणि त्याखाली हे.

```
Hb 10.9
RBC 5.6
HCT 35
MCV 62
WBC 7.4
PLT 290
Sugar 5.9
K 4.2
Ca 2.3
Creatinine 1.1
TSH 3.1
Vit D 42
CRP 1.8
D-dimer 0.45
```

हे आकडे मी या लेखासाठी जुळवले आहेत, पण असे मेसेज खरोखर येतात. पीडीएफमधून मजकूर उचलताना तक्त्याच्या कडेचे रकाने गळून पडतात. जिथे एकक लिहिलेलं असतं ते जातं, "नॉर्मल रेंज"चा रकाना जातो, जास्त-कमी दाखवणारी खूण जाते. कधी आकड्याआधीचं "पेक्षा कमी" हे चिन्हही जातं, आणि "५ पेक्षा कमी" असलेली किंमत नुसती "५" होऊन पुढे जाते. उरतात ते उघडे आकडे. रिपोर्ट कोणाचा, वय काय, स्त्री की पुरुष, रक्त उपाशीपोटी दिलं होतं का, यातलंही काही मेसेजमध्ये नाही.

अशा वेळी दोन प्रकारची उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं, एककं नाहीत म्हणजे काहीच सांगता येणार नाही. कोणी आपल्या सवयीची एककं मनातच लावून घेतं आणि धडाधड निदान करून मोकळं होतं. मला दोन्ही पटत नाही. यातले काही आकडे आपलं एकक स्वतःच सांगतात. काही कितीही वेळ पाहिले तरी सांगत नाहीत. कोणता आकडा कुठल्या गटातला, हे ओळखायची एक रीत आहे आणि ती समजायला फार गणित लागत नाही.

रीत अशी. एखादी चाचणी जगात दोन एककांत मोजली जात असेल, तर समोरचा आकडा दोन्ही एककांत वाचून पाहायचा. एका वाचनात माणूस जिवंत असणंच शक्य नसेल, तर दुसरं एकक खरं. दोन्ही वाचनांत माणूस चालता-बोलता असू शकत असेल, तर तिथे थांबायचं.

सुरुवात पहिल्या चार ओळींपासून करू, कारण त्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत.

हिमोग्लोबिन १०.९. बहुतेक ठिकाणी हे ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम. काही देशांत ग्रॅम प्रति लिटर वापरतात, तिथे हाच आकडा १०९ दिसला असता. त्यामुळे तो गोंधळ इथे नाही. पण नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये हिमोग्लोबिन मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात. तिथला १०.९ म्हणजे आपल्या ओळखीच्या ग्रॅममध्ये साधारण १७.६. एका वाचनात रक्त कमी आहे, दुसऱ्यात जास्त आहे, आणि दोन्ही प्रकारची माणसं जगात आहेत. नुसत्या या एका ओळीवरून निकाल लागत नाही.

मदतीला येते तिसरी ओळ. एचसीटी म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्ताच्या एकूण आकारमानात लाल पेशींनी व्यापलेला टक्का. तो इथे ३५ आहे. हिमोग्लोबिन सगळं लाल पेशींच्या आतच असतं, त्यामुळे हिमोग्लोबिनला या टक्क्याने भागलं की पेशी आतून किती दाट भरल्या आहेत ते कळतं. १०.९ ला ३५ ने भागून १०० ने गुणलं तर ३१ येतात, म्हणजे दर १०० मिलिलिटर पेशींमागे ३१ ग्रॅम. हे अगदी माणसाच्या रक्तासारखं आहे. १७.६ घेऊन तेच केलं तर ५० येतात. लाल पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. साधारण ३६-३७ च्या पुढे आकडा गेला की लॅबमधला अनुभवी तंत्रज्ञ आधी यंत्रावर किंवा नमुन्यावर संशय घेतो. तेव्हा हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये आहे एवढं पक्कं झालं, आणि बहुतेक माणसांसाठी ते कमी आहे.

आणखी एक पडताळा आहे. आरबीसी म्हणजे लाल पेशींची संख्या, इथे एका मायक्रोलिटरमध्ये ५६ लाख. एमसीव्ही म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान, ६२ फेम्टोलिटर. संख्या आणि आकारमान यांचा गुणाकार म्हणजे पेशींनी व्यापलेली एकूण जागा. ५.६ गुणिले ६२ भागिले १०, उत्तर ३४.७. रिपोर्टमध्ये ३५ आहेत. जुळलं. हा पडताळा मी मुद्दाम करते, कारण कॉपी करताना ओळी वरखाली सरकल्या असत्या, एका चाचणीचा आकडा दुसरीच्या नावासमोर गेला असता, तर हे गणित मोडलं असतं. निदान या चार ओळी जागच्या जागी आहेत.

मग यांच्यावरून काय म्हणता येतं? एमसीव्ही ६२ हा आकडा कोणत्याही लॅबच्या रेंजची वाट पाहत नाही. मोठ्या माणसात तो साधारण ८० ते १०० असतो. लहान मुलांत त्याहून कमी असतो, पण एक-दोन वर्षांच्या बाळातही ७० च्या आसपासची खालची मर्यादा धरतात. त्यामुळे माणूस कोणत्याही वयाचा असला तरी या पेशी लहान आहेत. पेशी लहान आणि हिमोग्लोबिन कमी, या जोडीची सर्वांत नेहमीची दोन कारणं म्हणजे लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचं वाहक असणं. वाहक माणूस आजारी नसतो. आईवडिलांपैकी एकाकडून आलेल्या जनुकामुळे त्याच्या पेशी जन्मभर लहानच बनतात.

इथे या रिपोर्टमध्ये एक गोष्ट डोळ्यात भरते. हिमोग्लोबिन कमी असूनही पेशींची संख्या कमी नाही, उलट भरपूर आहे. लोह कमी पडलं की शरीर पेशी लहान बनवतं आणि बहुधा कमीही बनवतं. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान असतात पण संख्येने जास्त. हाच फरक पकडण्यासाठी मेंट्झर यांनी १९७३ साली एक साधा भागाकार सुचवला: एमसीव्ही भागिले आरबीसी. उत्तर १३ च्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया वाहकाकडे. आपल्याकडे ६२ भागिले ५.६, म्हणजे साधारण ११.

म्हणजे थॅलेसेमिया वाहक आहे का? एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. हा भागाकार दिशा दाखवतो, आणि तो चुकतोही. लोहाची कमतरता आणि वाहक असणं एकाच माणसात एकत्रही असू शकतं. पुढची पायरी म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन चाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, जिच्यात एचबीए-२ हा प्रकार वाढलेला दिसला तर बीटा थॅलेसेमियाचं वाहक असणं कळतं. लोह बरंच कमी असेल तर हा एचबीए-२ खोटाच नॉर्मल दिसू शकतो, आणि अल्फा प्रकारच्या वाहकात तो वाढतच नाही. म्हणून हे काम डॉक्टरांनी क्रमाने करायचं असतं. पण "फेरिटिन पाहिल्याशिवाय महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊ नका" हे मावसभावाला आजच, या चार उघड्या आकड्यांच्या जोरावर सांगता येतं. लोह कमी नसलेल्या वाहकाला गोळ्यांचा काही उपयोग होत नाही, आणि साठा आधीच पुरेसा असेल तर जास्तीचं लोह शरीरात साचत जातं.

डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी. त्यांच्यात आणि प्लेटलेट्समध्ये अडायचं काही नाही. ते हजारांत आहेत, ७,४०० आणि २ लाख ९० हजार, आणि दोन्ही ठीक आहेत.

आता खालच्या ओळी. क्रिअ‍ॅटिनिन १.१. हे दोन एककांत मोजतात, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि मायक्रोमोल प्रति लिटर. दोघांमधला गुणाकार ८८.४ चा आहे. १.१ मिलिग्रॅम म्हणजे ९७ मायक्रोमोल, दोन्ही अगदी नेहमीचे आकडे. पण १.१ मायक्रोमोल? इतकं कमी क्रिअ‍ॅटिनिन मोठ्या माणसात असत नाही, स्नायू आहेत तोवर ते बनतच राहतं. एकक सापडलं: मिलिग्रॅम.

कॅल्शियम २.३. मिलिमोल प्रति लिटरमध्ये हे नॉर्मल आहे, मिलिग्रॅममध्ये ९.२ च्या जवळपास. उलट, २.३ हे मिलिग्रॅममध्ये असतं तर स्नायू आवळले गेले असते, झटके आले असते, हृदयाची लय बिघडली असती. तो माणूस घरी बसून रिपोर्टची वाट पाहत नसता. तेव्हा मिलिमोल.

एक छोटा अपवाद सांगायला हवा, कारण लॅबमध्ये तो भेटतो. शरीरात अशक्य असलेला आकडा नळीत शक्य असतो. रक्तपेशी मोजायच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. बहुतेकदा ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. त्या नळीतलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेलं, तर रिपोर्टमध्ये कॅल्शियम भयंकर कमी आणि पोटॅशियम भयंकर जास्त दिसतं, आणि माणूस मात्र ठणठणीत असतो. आपल्याकडे पोटॅशियम ४.२ आहे. त्याची नेहमीची दोन्ही एककं, मिलिमोल आणि मिलिइक्विव्हॅलंट, आकड्यात सारखीच येतात, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही, आणि ते नॉर्मल आहे. कॅल्शियम आणि पोटॅशियम एकाच नमुन्यातले असतील, तर नळीची भानगड नाही.

"एकाच नमुन्यातले असतील तर" असं म्हणण्याला कारण आहे. कॅल्शियम मिलिमोलमध्ये आहे आणि क्रिअ‍ॅटिनिन मिलिग्रॅममध्ये. एक लॅब सहसा एकच पद्धत पाळते, सगळं मिलिग्रॅमच्या घराण्यात किंवा सगळं मोलच्या घराण्यात. दोन्हींचं मिश्रण अगदी अशक्य नाही, पण ते दिसलं की पहिला संशय हा घ्यावा की या यादीत दोन वेगवेगळ्या लॅबचे, कदाचित दोन वेगवेगळ्या तारखांचे रिपोर्ट एकत्र चिकटवले गेले आहेत. मेसेजमध्ये कुठे तसं म्हटलेलं नाही. आकड्यांनीच ते उघड केलं. आणि याचा परिणाम पुढच्या ओळींवर होतो.

कसा ते पाहू. व्हिटॅमिन डी ४२. मिलिग्रॅमच्या घराण्यातल्या लॅब ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, मोलवाल्या लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. गुणाकार अडीचचा. ४२ नॅनोग्रॅम असेल तर डी पुरेसं आहे, गोळीची गरज नाही. ४२ नॅनोमोल असेल तर नॅनोग्रॅममध्ये ते १७ च्या आत येतं, आणि अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली पुरेसं धरलेल्या २० नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ५० नॅनोमोलच्या, रेषेखाली जातं. दोन्ही वाचनांतली माणसं रस्त्यावर शेकड्यांनी चालताहेत. सगळा रिपोर्ट मिलिग्रॅमच्या घराण्यातला असता, तर शेजाऱ्यांवरून अंदाज बांधता आला असता. इथे शेजारीच दोन गावचे आहेत. व्हिटॅमिन डीबद्दल गप्प बसणं हेच खरं उत्तर आहे.

क्रिअ‍ॅटिनिनचं एकक सापडलं आणि व्हिटॅमिन डीचं सापडलं नाही, असं का झालं, यातच या सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. दोन आकड्यांची तुलना करावी लागते: दोन एककांमधला गुणाकार किती मोठा आहे, आणि माणसामाणसांत ती गोष्ट किती कमीजास्त होते. गुणाकार मोठा आणि माणसांमधला पसारा लहान असेल तर चुकीचं एकक लगेच हास्यास्पद दिसतं. कॅल्शियमचा गुणाकार फक्त चारचा आहे, पण शरीर कॅल्शियमला इतक्या अरुंद पट्ट्यात जपतं की चारपट चूक लपूच शकत नाही. क्रिअ‍ॅटिनिन मूत्रपिंड निकामी झाल्यावर खूप वाढतं, पण ८८ चा गुणाकार त्यालाही पुरून उरतो. व्हिटॅमिन डी मात्र चालत्याफिरत्या माणसांत पाचपासून पन्नास-साठ नॅनोग्रॅमपर्यंत कुठेही असू शकतं. दहापट पसाऱ्यात अडीचपट चूक सहज विरघळून जाते. बी-१२ ची तीच गत, तिथे गुणाकार तर दीडपटही नाही.

सीआरपी याच कारणाने आणखी अवघड. शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. निरोगी माणसात ते मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये एकच्या आसपास किंवा त्याखालीही असतं, मोठ्या संसर्गात तीनशेच्या पुढे जातं. पसारा शेकडो पटींचा, आणि एककांमधला फरक दहापटीचा, कारण काही लॅब ते प्रति लिटर देतात आणि काही प्रति डेसिलिटर. १.८ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर शांत आहे. प्रति डेसिलिटर असेल तर ते १८ होतं, म्हणजे कुठेतरी काहीतरी चालू आहे, साधा सर्दीताप असेल किंवा जास्तही. शिवाय हृदयविकाराची जोखीम जोखण्यासाठी हीच चाचणी जास्त बारकाईने करतात आणि तिथे १ आणि ३ या रेषा वापरतात, त्या हिशेबाने १.८ हा आकडा मधल्या गटात पडतो. एका आकड्याचे तीन अर्थ, आणि तिन्ही खरे असू शकतात.

पण या यादीतली मला सर्वांत जास्त भीती वाटते ती शेवटची ओळ. डी-डायमर शरीरात कुठे रक्ताची गुठळी बनून विरघळते आहे का याचा माग देतं. त्याची नेहमीची रेषा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, आणि ०.४५ पाहून कोणालाही वाटेल की थोडक्यात का होईना, आत आहे. मात्र इथे एकक कळूनही भागत नाही. हीच चाचणी दोन पद्धतींनी व्यक्त होते. एकीला एफईयू म्हणतात, दुसरीला डीडीयू, आणि तोच नमुना एफईयूमध्ये साधारण दुप्पट आकडा देतो. ०.५ ची रेषा एफईयूची आहे. आपला ०.४५ डीडीयूमधला असेल, तर तो एफईयूच्या ०.९ च्या बरोबरीचा होतो आणि रेषेच्या बराच वर जातो. मूळ रिपोर्टवर ही तीन अक्षरं कुठेतरी बारीक ठशात असतात आणि कॉपी करताना नेमकी तीच जातात. पन्नाशीनंतर वयाप्रमाणे ही रेषा वरही सरकवली जाते, म्हणजे वय माहीत नसताना रेषा कुठे ओढायची हेही ठरत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की डी-डायमरचा आकडा एकटा वाचायचाच नसतो. डॉक्टर आधी लक्षणं आणि तपासणी यांवरून गुठळीची शक्यता किती ते ठरवतात, आणि शक्यता कमी असेल तरच खाली आलेल्या डी-डायमरवर विसंबून गुठळी नाही असं म्हणतात. म्हणून या ओळीला माझं उत्तर आकड्याबद्दल नसेलच. मी विचारेन, ही चाचणी कोणी आणि का सांगितली? एकाएकी दम लागला असेल, छातीत दुखत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर मेसेजवर उत्तराची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, आकडा काहीही असो.

मध्ये एक ओळ मी सोडून दिली होती. शुगर ५.९. मिलिग्रॅममध्ये एवढी रक्तशर्करा म्हणजे माणूस बेशुद्ध, तेव्हा मिलिमोल. अठराने गुणून १०६ मिलिग्रॅम. हे घाईचं उत्तर. "शुगर" हे लॅबने दिलेलं नाव नाही, ते माणसाने टाइप केलेलं आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए-१-सी चाचणीही लोक शुगरच म्हणतात आणि तीही ५.९ टक्के येऊ शकते. म्हणजे इथे एककाच्याही आधी चाचणीच कोणती हे ठाऊक नाही. एचबीए-१-सी असेल तर ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा अमेरिकन डायबिटीस असोसिएशन मानते, आणि ५.९ त्यात बसतं. रक्तातली साखर असेल आणि उपाशीपोटीची असेल, तर १०६ हा आकडा त्याच संघटनेच्या मते उंबरठ्यावर आहे, कारण तिची रेषा १०० ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो अजून बाहेर आहे, कारण तिची रेषा ११० ची. जेवणानंतरची असेल तर अगदी निर्मळ. त्यात वरच्या चार ओळींनी दाखवलेल्या लहान पेशी विसरून चालणार नाही. एचबीए-१-सी लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनवरच मोजली जाते, आणि लोहाची कमतरता असली की साखर न वाढताही ती थोडी वर दिसू शकते.

इथवर बोलणं एककांचं झालं. "नॉर्मल रेंज" हरवणं हा वेगळा तोटा आहे, आणि लोक समजतात त्यापेक्षा तो कधी जास्त असतो, कधी कमी.

रेंज कशी बनते हे कळलं की ते लक्षात येतं. लॅब किंवा चाचणी बनवणारी कंपनी निरोगी माणसांचा एक गट घेते, किमान १२० जण असावेत अशी शिफारस आहे. त्यांचे आकडे क्रमाने लावतात, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून देतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे व्याख्येनेच दर वीस निरोगी माणसांमागे एक जण रेंजच्या बाहेर असतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के आहे. लाल खूण दिसली म्हणजे आजार असं नाही, आणि खूण हरवली म्हणून सगळंच हरवलं असंही नाही.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी, ३.१ घ्या. त्याची दोन्ही प्रचलित एककं आकड्यात सारखीच येतात. मोठ्या माणसांसाठी बहुतेक लॅबची रेंज ०.४ ते ४ च्या आसपास असते. ३.१ तिच्यात आरामात बसतं, लॅबप्रमाणे कड थोडी इकडे-तिकडे झाली तरी. ४.३ असतं तर मात्र मूळ रेंजशिवाय बोलता आलं नसतं, आणि गर्भारपणात तर रेंजच वेगळी असते. कडेपासून लांब असलेल्या आकड्याला रेंजची फारशी गरज नसते, कडेवरच्याला असते.

हिमोग्लोबिन १०.९ चंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना रक्तक्षयाची रेषा पुरुषाला १३, गर्भवती नसलेल्या स्त्रीला १२ आणि गर्भारपणात ११ धरते, दुसऱ्या तिमाहीत तर १०.५. पुरुषात १०.९ हे बरंच कमी आहे आणि कारण शोधलंच पाहिजे. पाचव्या महिन्यातल्या गर्भवतीत ते रेषेच्या वर आहे. लहान पेशींचा प्रश्न तरीही उरतो, पण घाई किती करायची ते माणसावर ठरतं.

आणि क्रिअ‍ॅटिनिन. त्याचं एकक आपण पक्कं केलं होतं, १.१ बहुतेक रेंजमध्ये बसतंही. तरी मी "मूत्रपिंड ठीक आहे" असं लिहिणार नाही. क्रिअ‍ॅटिनिन स्नायूंमधून येतं, म्हणून तेवढ्याच आकड्यामागे दोन वेगळी मूत्रपिंडं असू शकतात. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतं याचा अंदाज देणारं २०२१ चं सीकेडी-ईपीआय समीकरण आहे. त्यात १.१ हा आकडा २५ वर्षांच्या तरुणासाठी घातला तर उत्तर सुमारे ९५ येतं, उत्तम. ७५ वर्षांच्या बाईसाठी घातला तर सुमारे ५२. साठच्या खाली तीन महिने राहिलं तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार धरतात. इथे रेंज असती तरी तिने आपल्याला फसवलंच असतं. हवं होतं वय आणि लिंग.

तर मावसभावाला मी हे लिहीन: "लाल पेशी लहान आहेत हे एककांशिवायही नक्की, आणि हिमोग्लोबिनही बहुधा कमी आहे. लोहाची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचार, आणि घरात कोणाला थॅलेसेमिया आहे का तेही सांग. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, पोटॅशियम, कॅल्शियम, थायरॉइड ठीक दिसतात. व्हिटॅमिन डी, सीआरपी आणि डी-डायमरवर मी एवढ्यावरून बोलणार नाही, कोणी बोललं तरी धरून चालू नकोस. हे दोन वेगळे रिपोर्ट आहेत का? असतील तर दोन्हींच्या पूर्ण पानांचे फोटो पाठव, तारखेसकट, कडेचे रकाने कापू नकोस. शुगर म्हणजे नेमकी कोणती चाचणी, आणि उपाशीपोटी होती का? डी-डायमर कशासाठी सांगितलं होतं? दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा एक पाय सुजला असेल तर फोटो राहू दे, आधी रुग्णालयात घेऊन जा. नसेल तर एवढं सांग, हा रिपोर्ट कोणाचा आहे आणि वय किती?"